हिरव्या बाजूचा शब्द

चौथीच्या वर्गाची एक भिंत रिकामी होती, आणि रिकामी भिंत दिसली की चेतना मॅडमचे हात शिवशिवायचे.

आमगावहून सालेकशाकडे निघालं की रुळाच्या पलीकडे एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या जूनमध्ये रुजू झाल्या. पहिलीच नोकरी. नवीन साडीला पडावी तशी कडक घडी अजून त्यांच्या बोलण्यालासुद्धा होती. मुख्याध्यापक भोजराज गुरुजींनी इंग्रजीचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवून म्हटलं, "हे तुमचं. माझ्या इंग्रजीला गंज चढला आहे." चेतना हसली. आतून मात्र जरा घाबरली, कारण तिच्याही इंग्रजीला कुठेकुठे तांबूस डाग होतेच की! पण ते कोणाला दिसू द्यायचे नाहीत, असं तिने ठरवलं.

मग तिने भिंत सजवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी कापून कार्डं केली. कार्डाच्या पुढच्या बाजूला लाल पेनाने धड्यातला अवघड शब्द, मागच्या बाजूला हिरव्या पेनाने त्याच अर्थाचा सोपा शब्द. मुलांनी लाल वाचायचं, कार्ड उलटायचं आणि हिरवं ओरडायचं.

सुरुवात तर काय झकास झाली! वीअरीच्या मागे टायर्ड. एनॉर्मसच्या मागे व्हेरी बिग. फेचच्या मागे ब्रिंग. पोरं इतकी ओरडली की पलीकडच्या वर्गातून गुरुजी डोकावले. चेतनाने भिंतीचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. केंद्रप्रमुखांनी तर "अनुकरणीय" असं लिहिलं. ते तिने दोनदा वाचलं. दोनदा कसलं, जेवतानाही वाचलं.

आणि मग आला बैलगाडीचा धडा.

धडा तसा छोटासा होता. एक शेतकरी भुकेल्या वाटसरूला धान देतो, त्याचा भाऊ मात्र धान लपवतो, आणि शेवटी भावाची मान खाली जाते. पण त्या धड्यात माणसांची नुसती गर्दी होती हो! शेतकरी जेनरस, वाटसरू ऑनेस्ट, गाडीवान ब्रेव्ह, आजी जेंटल, भाऊ सेल्फिश, बैल स्टबर्न, आणि शेवटच्या ओळीत भाऊ अशेम्ड. वस्तूंचे शब्द सोपे करणं वेगळं. माणसांचे शब्द हातात धरायला गेलं की निसटतात.

चेतनाने मोबाईलवर जेनरस शोधलं. मोबाईलने तिला आणखी तीन शब्द दिले आणि ते तिन्ही जेनरसपेक्षा लांबलचक निघाले. एक तर तिला स्वतःलाच वाचता आला नाही. ऑनेस्टचंही तेच. एक कठीण शब्द सोडवायला जावं, तर त्याचे आणखी कठीण काका-मामा दारात उभे! दुसऱ्या दिवशी तपासणीला केंद्रप्रमुख यायचे होते, भिंत तर भरायची होती. तिने हिरवं पेन उचललं. जेनरस, गुड. ऑनेस्ट, गुड. ब्रेव्ह, गुड. जेंटल, गुड. सेल्फिश, बॅड. स्टबर्न, बॅड. अशेम्ड, बॅड. चहा निवायच्या आत सगळी कार्डं तयार.

"टोल्यावरची पोरं आहेत," तिने स्वतःला समजावलं, "इतकं आलं तरी पुष्कळ."

तपासणी छानच झाली. पोरं कार्डं उलटत गेली, गुड-बॅड, गुड-बॅड, जणू रेल्वेच्या डब्यांचा आवाज. केंद्रप्रमुख खूश होऊन गेले.

फक्त आचल ओरडली नाही. आचल म्हणजे दुसऱ्या बाकावरची बारीकशी पोट्टी, दोन घट्ट वेण्या, आणि एखादी गोष्ट पटली नाही की नाकाचा शेंडा खाजवायची सवय. ती सारखी नाक खाजवत होती.

"मॅडम," तिने विचारलं, "जेनरस पन गुड, ऑनेस्ट पन गुड. मंग दोन शब्द काऊन बनवले?"

वर्ग हसला. चेतना हसली नाही. तिला वाटलं, आपल्या नव्या कोऱ्या साडीवर कोणीतरी चिखलाचा थेंब उडवला.

"सोपं करून दिलं आहे ना? तेवढं पाठ कर."

"मले माह्या आईवर लाईन लिवाची हाये, मॅडम. पालक सभेसाठी." आचल काही ऐकेना. "कोनाची वस्तू भेटली आन् आपून ती वापस देली, त त्या मानसाले इंग्रजीत काय म्हनतेत?"

आता हा शब्द चेतनाला येत होता. तो भिंतीवर टांगलेला होता, आचलच्या डोक्याच्या हातभर वर. पण ते कार्ड काढून दाखवलं असतं, तर उलटल्यावर मागे काय निघालं असतं? गुड. आणि पोरीने पुन्हा नाक खाजवलं असतं.

"गुड लिही," चेतना म्हणाली. आणि त्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण तिच्या तोंडून निसटलंच, "तुला इतकं आलं तरी पुष्कळ आहे, आचल."

आचलने वहीत गुड लिहिलं. आणि वही मिटली.

पालक सभा शुक्रवारी दुपारी ठेवली होती. धानाचे रोवणे आटोपले होते, म्हणून बायाही आल्या. सतरंज्या अंथरल्या, गुरुजींनी चहा सांगितला. आचलचे बाबा, उमेंद्र, अगदी दाराशी बसले. त्यांची दोन बांध्यांची धानाची शेती, आणि बाजाराच्या दिवशी आमगावला भाजीचा ठेला. ठेल्यावर बसल्या बसल्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधून उतरणारी पोरं ते बघायचे. आचलचं नाव त्या शाळेत टाकायचं त्यांच्या मनात होतं, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी चेतनाच्या कानात सांगितलंही, "आज हे पोरीचं इंग्रजी ऐकायला आले आहेत. आवडलं तर ती राहील, नाहीतर गेली. आणि ती गेली की तिच्या मागून आणखी दोनचार जातील."

चेतनाने पदर सारखा केला. "ऐकू द्या ना सर. पोरं तयार आहेत."

पहिला आला धर्मेंद्र. "माय फादर इज ब्रेव्ह!" आणि लगेच पालकांसाठी मराठीत, "माझे बाबा चांगले आहेत!" टाळ्या पडल्या. मग भूमिका आली. "माय ग्रँडमदर इज जेंटल! माझी आजी चांगली आहे!" टाळ्या. मग आणखी एक. "माय अंकल इज जेनरस! माझे काका चांगले आहेत!"

टाळ्या जरा कमी झाल्या. चौथ्याचेही मामा चांगलेच निघाले. मागच्या सतरंजीवर बसलेले म्हातारे टिकारामजी तंबाखू चोळत होते, त्यांचा हात थांबला.

"काहो मॅडम," ते म्हणाले, "सरकारनं इंग्रजीतला एकच शब्द पाठवला का या वर्षी?"

सभा खदखदून हसली. चेतनाही हसली, पण तिच्या गालांना ते हसणं चिकटेना. पोरं एकामागून एक येत गेली आणि सगळ्यांची माणसं चांगली, चांगली, चांगली. जणू कोणी एकाच साच्यात माती भरून सगळ्या घरांसाठी एकाच तोंडाच्या बाहुल्या पाडल्या होत्या. धर्मेंद्रच्या बाबांनी पुरात दोन गाई ओढून काढल्या होत्या. भूमिकाच्या आजीच्या मांडीवर टोल्यातलं रडकं पोरही झोपायचं. हे सगळं समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यातलं काहीच पोरांच्या इंग्रजीत उरलं नव्हतं.

मग आचल उभी राहिली.

तिची आई शामकला बांधावरून तशीच आली होती, पायांवर वाळलेला चिखल. ती थोडी पुढे सरकून बसली. लेक आपल्यावर बोलणार, म्हणून तिने डोक्यावरचा पदरही नीट केला.

"माय मदर इज गुड," आचल म्हणाली. "माझी आई चांगली आहे."

आणि ती बसायला लागली.

"इतलंच?" शामकला म्हणाली. ती रागावली नव्हती. बाजारातून येणाऱ्याच्या रिकाम्या पिशवीत हात घालून पाहावा, तसं तिने विचारलं.

तिच्या बाजूला सुशीलाबाई होत्या. त्यांना राहवलं नाही. "अवं पोरी, माह्या कानातल्याचं सांग ना! रोवण्यात चिखलात पडलं होतं माहं सोन्याचं. तुह्या आईनं दुसऱ्या रोजी बांधीत गुडघाभर चिखलात हात घालून घालून ढुंढलं, आन् घरी आनून देलं. साऱ्या टोल्याले मालूम हाये. ते सांग ना इंग्रजीत!"

आचलने नाकाचा शेंडा खाजवला. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा चेतनाकडे.

"मॅडमनं त्याच्यासाठी शब्द नाई देला," ती म्हणाली. "मॅडम म्हनल्या, तुले इतलं आलं तरी पुष्कळ हाये."

पोरीने चुगली केली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, बस. पण रुळावरून जाणारी मालगाडी आता डबा डबा मोजून ऐकू आली. चेतनाच्या कानशिलांपासून मानेपर्यंत कढ उतरला. तिला वाटलं, भिंतीवरची सगळी कार्डं आपोआप उलटतील आणि सगळ्यांवर तिच्यासाठी एकच शब्द निघेल, बॅड. गुरुजी चहाच्या कपात काहीतरी शोधत बसले. उमेंद्र उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

पालक पांगल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "उमेंद्र बाहेर भेटला. उद्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी येतो म्हणाला." आणि कप गोळा करत, "मॅडम, भिंत चांगली होती. मीही मान डोलावली होती."

हे ऐकून तर तिला आणखीच मेल्यासारखं झालं. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं!

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी चेतना आचलच्या घरी गेली. वाटेत तिने बरीच वाक्यं जुळवली होती. नवीन आहे, तपासणी होती, वेळ नव्हता. अंगणात पाय ठेवल्याबरोबर सगळी पळाली. उमेंद्र ठेल्यासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, आचल दोरे तोडून देत होती. शामकलाने बाज पुढे ओढली. चेतना बसली आणि सारवलेल्या अंगणातल्या बोटांच्या वळणांकडे बघत राहिली.

"मॅडम," उमेंद्रनीच सुरुवात केली, "मी सातवी नापास मानूस. मले इंग्रजी नाई समजत. पन ठेल्यावर एक गोष्ट समजते. गिऱ्हाईक फाटक्या कपड्यातलं दिसलं, त काही लोक त्याले सडकाच माल दाखवतेत. मनात म्हनतेत, याले इतलंच परवडते." त्यांनी जुडीला गाठ मारली. "तुमी आमच्या पोरीले तसं केलं."

"हो," चेतना म्हणाली.

"काऊन केलं?"

"मला... मला सोपं करता येत नव्हतं. आणि येत नाही, हे दिसू द्यायचं नव्हतं." तिचा आवाज अंगणातच कुठेतरी पडला. "मी म्हटलं, मुलांना कळणार नाही. मला शाळेत एक बाई असंच म्हणायच्या, इतकं आलं तरी पुष्कळ. मला किती राग यायचा त्यांचा. आणि तरी..."

शामकलाने चहा दिला. तो प्यावा की पिऊ नये, तेही तिला समजेना. उमेंद्रचा चहा शाळेत तसाच राहिला होता, हेच तिला आठवत होतं.

"उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे," ती शेवटी म्हणाली, पायांच्या बोटांशी बोलल्यासारखी. "दाखला न्यायचा तर न्या. फक्त उद्याच्या तासाला तिला पाठवा."

उमेंद्रनी पुढची जुडी बांधायला घेतली. आचल मात्र हातातला दोरा तसाच धरून मॅडमकडे टक लावून पाहत होती. एखादा नवीन शब्द वाचावा, तशी.

शनिवारी सकाळी आचल बाकावर होती. आणि दाराबाहेर, गुरुजींच्या टेबलाजवळच्या खुर्चीत, उमेंद्र.

चेतनाने धड्याची सगळी कार्डं उतरवून जमिनीवर पसरली. लाल बाजू वर.

"हिरवी बाजू मी चुकीची लिहिली," ती म्हणाली. हे वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं, तरी निघताना थोडं खरचटलंच. "आता ती तुम्ही लिहायची. तीन गोष्टी लक्षात ठेवा. हिरव्या बाजूला आपल्याला आधीपासून येणारेच शब्द येतील. एका शब्दात जमलं नाही, तर तीन-चार घ्या, काही बिघडत नाही. आणि लिहून झालं की ते धड्यातल्या वाक्यात परत बसवून पाहायचं."

"आन् दुसऱ्या कार्डावर पन तेच बसलं त?" आचल.

चेतनाने मान डोलावली. "तर ते पुरेसं नाही. मग आणखी शोधायचं."

बापरे, मग काय धुमाकूळ! जेनरसवरच पोरं तुटून पडली. "काइंड!" भूमिका म्हणाली. "काइंड त जेंटलवर पन चालते," धर्मेंद्रने उडवून लावलं. "शेतकऱ्यानं काय केलं? धान देलं ना? गिव्ह!" मग गिव्ह्जला कोणीतरी अ लॉट जोडलं. गिव्ह्ज अ लॉट. वाक्यात बसवून पाहिलं, अ फार्मर हू गिव्ह्ज अ लॉट. बसलं! ब्रेव्ह, नॉट अफ्रेड. जेंटलपाशी गाडी अडली. "जे गाय लात नाई मारत, ते," असं एकाने सांगितलं आणि वर्ग लोळून हसला. पण आजीच्या वाक्यात लात काही बसेना, म्हणून सॉफ्ट अँड काइंड ठरलं. बैलाचं स्टबर्नही बॅडमधून सुटलं. विल नॉट लिसन. "माह्या आजोबासारखा!" कोणीतरी ओरडलं.

ऑनेस्टचं कार्ड चेतनाने आचलच्या हातात दिलं. "तू परवा विचारलेला शब्द हाच. तेव्हा मला तो येत होता."

आचलने ते दोन्ही हातांनी धरलं. "गिव्ह्ज बॅक?"

"ते ऑनेस्ट माणूस करतो. पण तेवढंच करतो का? धड्यातल्या वाटसरूने काय केलं?"

"खोटं नाई बोलला." आचल विचारात पडली. "आन् आईनं चोरलं नाई. डझ नॉट लाय... ऑर स्टील." तिने ते स्वतःच हिरव्याने लिहिलं आणि मग हळूच, कोणी सांगितलं नसताना, म्हणाली, "माय मदर इज ऑनेस्ट. शी डझ नॉट लाय ऑर स्टील." दाराबाहेर खुर्ची करकरली.

शेवटचं कार्ड उरलं. अशेम्ड.

"धड्याच्या शेवटी भावाला काय झालं?" चेतनाने विचारलं. हा शब्द तिला सगळ्यात नकोसा होता.

"सॉरी!"

"हॅट, सॉरी त पाय लागला तरी म्हनते."

"शाय!"

"शाय म्हंजे लाजाळू. पावने आले की माही बहीन लपते, तिनं काय धान लपवलं का?"

चेतनाने मदत केली नाही, कारण काल रात्री शोधल्यावर मोबाईलने दिलेले दोन्ही शब्द या शब्दाहून मोठे होते.

आचलने नाक खाजवलं. "मॅडम, सांगू? रागवाल नाई ना?"

"सांग."

"काल तुमी आमच्या घरी आल्या होत्या ना. सारा वेळ खाली पाहून राहिल्या होत्या. आईकडे नाई पाह्यलं, माह्याकडे बी नाई. आपली गलती आपल्याले मालूम असते, आन् डोळे वर होत नाई." तिने इंग्रजीसाठी बोटं मोजली. "मालूम म्हंजे नोज... नोज ही डिड राँग. कॅनॉट लुक अप."

वर्गात कोणी हसलं नाही. चेतनाला पुन्हा तोच कढ कानशिलापासून उतरताना जाणवला. वाक्यात बसवून पाहायचं राहिलं होतं, ते धर्मेंद्रने बसवलं, "द ब्रदर नोज ही डिड राँग. ही कॅनॉट लुक अप." चपखल बसलं. दुसऱ्या कुठल्याच कार्डावर चाललं नसतं.

चेतनाने हिरवं पेन घेतलं आणि पोरीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. चिमट्याला कार्ड लावताना तिची पाठ वर्गाकडे होती आणि तशीच राहावी, असं तिला फार वाटलं.

बाहेरून आवाज आला. गुरुजींनी दाखल्याची वही उघडली होती, पेनाचं टोपणही काढलं होतं.

"लिवून ठेवा, गुरुजी," उमेंद्र म्हणत होते. "नेईन तवा नेईन."

"म्हणजे आज नाही?"

"आज बाजार हाये. घाई हाये."

ते जाता जाता दारात थांबले. चेतना वळली. मान अजून जड होती, पण आचल दुसऱ्या बाकावरून तिच्याकडेच पाहत होती. चेतनाने डोळे वर करून आधी पोरीकडे पाहिलं. मग दाराकडे.